‘सोबत जोडले आहे’ असं लिहिलंय, पण जोडलंय का? सभेची सूचना पाठवण्याआधीची तपासणी

गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना मेलवर पाठवायची असेल, तर पाठवणाऱ्याच्या हातात चुका दुरुस्त करायला फारसे दिवस नसतात. महाराष्ट्रातल्या सहकारी संस्थांना आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत ही सभा घ्यावी लागते आणि आदर्श उपविधींनुसार सूचना पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते. सूचनेचा दिवस आणि सभेचा दिवस हे दोन्ही या १४ दिवसांत धरत नाहीत. सभा रविवारी १४ सप्टेंबर २०२५ ला असेल, तर ३१ ऑगस्ट ते १३ सप्टेंबर हे चौदा दिवस होतात आणि सूचना शनिवारी ३० ऑगस्टलाच जायला हवी. ताळेबंदाऐवजी भलतीच फाइल गेली आहे हे रविवारी सकाळी लक्षात आलं, की नव्याने पाठवलेल्या सूचनेला तेराच दिवस उरतात. त्यात ते गणपतीचे दिवस. रविवारी गौरी यायच्या, म्हणजे समितीतलं कोणी फोन उचलेल याचीही खात्री नाही.

नव्याने सचिव झालेल्यांसाठी ही तपासणी इथे एका मसुद्यावर करून दाखवली आहे. शुद्धलेखन आणि भाषेची सफाई हा वेगळा विषय आहे. मजकुरात जे आहे असं म्हटलंय, ते खरोखर तिथे आहे का आणि तेच आहे का, एवढंच इथे पाहायचं आहे.

मसुदा असा आहे:

> सर्व सन्माननीय सभासद,
> संस्थेची २०२४-२५ या वर्षाची वार्षिक सर्वसाधारण सभा रविवार, १४ सप्टेंबर २०२५ रोजी सकाळी १०.३० वाजता संस्थेच्या सभागृहात होईल. मागील वार्षिक सभेचे इतिवृत्त, लेखापरीक्षित ताळेबंद व उत्पन्न-खर्च पत्रक आणि लेखापरीक्षकांचा अहवाल सोबत जोडला आहे. ३१ मार्च २०२५ रोजी दुरुस्ती निधीत ₹१८,४२,६५० शिल्लक आहेत. लिफ्ट बदलण्यासाठी आलेली तीन दरपत्रके व त्यांचा तुलनात्मक तक्ता येथे पाहता येईल. बाहेरगावच्या सभासदांना या लिंकवरून सभा पाहता येईल. पुढील वर्षासाठी लेखापरीक्षक म्हणून श्री. कऱ्हाडे यांची नेमणूक करण्याचा ठराव मांडला जाईल. शंका असल्यास कोषाध्यक्ष श्री. पाटील यांच्याशी बोलावे. पाटलांचा क्रमांक सूचनेच्या शेवटी दिला आहे.

आधी मोजदाद

मेल बाजूला ठेवा आणि एका कागदावर दोन रकाने पाडा. डावीकडे मजकुराने कबूल केलेली प्रत्येक गोष्ट लिहा, उजवा रकाना रिकामा ठेवा. वरच्या एका परिच्छेदात अशा चौदा गोष्टी निघतात: चार कागद (इतिवृत्त, ताळेबंद, उत्पन्न-खर्च पत्रक, अहवाल), एक रक्कम, तीन दरपत्रकं, एक तक्ता, सभेची लिंक, दोन नावं, एक फोन क्रमांक आणि तारखेशी जुळणारा वार. वार विसरू नका. गेल्या वर्षीच्या सूचनेवरून नवी तयार करताना तारीख बदलली जाते, वार मात्र तसाच राहतो. मग अर्धे सभासद वार पाहून येतात आणि अर्धे तारीख पाहून.

मसुदा मोठा असेल तर हे शब्द शोधखिडकीत टाकून सापडतात, पण मराठीत अख्खा शब्द शोधणं धोक्याचं असतं. ‘तक्ता’ शोधलात तर ‘तक्त्यात’ सापडणार नाही, म्हणून `तक्त` एवढंच शोधा. ‘दुवा’साठी `दुव` टाका म्हणजे ‘दुव्यावर’ही मिळेल. `जोड` टाकलं की जोडले, जोडत, जोडपत्र सगळं येतं. `सोबत`, `परिशिष्ट`, `यादी`, `लिंक`, `येथे`, `खाली` आणि `पुढील` हेही पाहून घ्या. `पान` टाकलंत तर इमारतीतले एखादे सोपानरावही सापडतील, तेवढं चालायचंच.

या मोजणीतच मसुद्यातला पहिला दोष दिसतो. ‘इतिवृत्त, ताळेबंद व उत्पन्न-खर्च पत्रक आणि अहवाल’ म्हणजे फाइली तीन की चार? ताळेबंद आणि उत्पन्न-खर्च पत्रक एकाच पीडीएफमध्ये असतील तर तीन. वाचणाऱ्याला हे कळायला मार्ग नाही, त्यामुळे एखादी फाइल राहिली तरी कोणी सांगणार नाही. वाक्याच्या शेवटी ‘सोबत: एकूण ३ फाइली’ असा आकडा घाला. मग मोजून कमी भरली की सभासदच कळवतील.

फाइलीचं नाव नको, पहिलं पान पाहा

फाइल जोडली आहे का एवढंच पाहून बहुतेक जण थांबतात. खरी गडबड असते ती जोडलेली फाइल भलतीच असण्यात. `itivrutta_final.pdf` हे नाव काहीच सांगत नाही. आपल्या संस्थेची गेल्या वर्षभरात दोन इतिवृत्तं झाली असं समजा: २२ सप्टेंबर २०२४ च्या वार्षिक सभेचं आणि लिफ्टच्या विषयावर १९ जानेवारी २०२५ ला बोलावलेल्या विशेष सभेचं. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये आणि दोन्हींच्या नावात `final`. मसुद्यात ‘मागील वार्षिक सभेचे’ असं स्पष्ट लिहिलंय, पण ‘मागील’ या शब्दामुळे हात आपोआप सगळ्यात ताज्या फाइलीकडे जातो, आणि ती विशेष सभेची आहे.

म्हणून मेलला जोडलेली फाइल मेलमधूनच उघडा. संगणकावरच्या फोल्डरमधून उघडलीत तर योग्य फाइल तिथे आहे एवढंच सिद्ध होतं, तीच जोडली गेली हे होत नाही. उघडल्यावर तीन गोष्टी वाचा: शीर्षक, तारीख आणि शेवटच्या पानावरची सही. शीर्षकावरून कागद कोणता ते कळतं, तारखेवरून वर्ष, आणि सहीवरून हा पक्का कागद आहे की कच्चा. लेखापरीक्षकांची सही-शिक्का नसलेला ताळेबंद ‘लेखापरीक्षित’ म्हणून पाठवला, तर सभेत पहिला अर्धा तास त्यातच जातो.

ताळेबंदाच्या बाबतीत वर्ष बघताना डोळ्याला एक भूल पडते. त्यात चालू आणि मागचं अशी दोन्ही वर्षं शेजारी-शेजारी छापलेली असतात, त्यामुळे गेल्या वर्षीच्या ताळेबंदात ‘२०२४’ दिसतं आणि या वर्षीच्यातही. आकडा दिसला म्हणून समाधान मानू नका. शीर्षकात ‘३१ मार्च २०२५ रोजीचा’ असं आहे का ते पाहा.

त्यानंतर पानं मोजा. मूळ कागद हातात घेऊन त्याची पानं मोजायची आणि पीडीएफमध्ये किती दिसतात ते ताडायचं. कागद पाठपोट छापलेला असेल आणि स्कॅनर एकच बाजू घेत असेल तर १, ३, ५, ७ अशी विषम पानंच येतात. स्कॅन छान स्वच्छ दिसतो, वाचताना मात्र ‘परिशिष्ट क प्रमाणे’ असं येतं आणि परिशिष्ट क कुठेच नसतं. दोन कागद चिकटून एकदम ओढले गेले तर मधलीच दोन पानं गायब होतात. पीडीएफमध्ये मूळच्या निम्मीच पानं भरली तर कारण पाठपोट स्कॅनचं, आणि एक-दोनच कमी असतील तर चिकटलेल्या कागदांचं, एवढा अंदाज बांधता येतो.

व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोंचं आणखी एक. `IMG-20250830-WA0012.jpg` या नावातली तारीख फोटो तुमच्या फोनवर आला त्या दिवसाची असते, कागदाची नव्हे. ३० ऑगस्टला कोणी दोन वर्षांपूर्वीचं दरपत्रक पुढे ढकललं, तरी नावात ३० ऑगस्टच येणार.

पाठवण्यापूर्वी फाइलींची नावं बदलून घ्या. आधी क्रमांक, मग कागद, मग कागदाची स्वतःची तारीख:

```
01_itivrutta_varshik_2024-09-22.pdf
02_taleband_utpannakharch_2025-03-31.pdf
03_lekhaparikshan_ahwal_2024-25.pdf
```

नावं देवनागरीत द्यायलाही हरकत नाही, मात्र ती आखूड ठेवा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो की वेलांटी, साठवताना तीन बाइट घेतं आणि बऱ्याच फोनवर फाइलीच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते. म्हणजे साधारण ८५ चिन्हांत सगळं बसवावं लागतं.

आकाराकडेही एक नजर टाका. जीमेलमध्ये जोडलेल्या फाइली २५ एमबीच्या वर गेल्या, की तो त्या न जोडता ड्राइव्हवर चढवतो आणि मेलमध्ये फक्त लिंक घालतो. रंगीत, जास्त बारकाव्याने केलेला तीस पानांचा स्कॅन सहज तिथवर पोचतो. मग ‘सोबत जोडला आहे’ हे वाक्य खोटं ठरतं, आणि वर ती लिंक कोणाला उघडेल हा प्रश्न नव्याने उभा राहतो. स्कॅन करड्या रंगात पुन्हा घेतला की आकार बराच उतरतो.

रक्कम

मेलमधला प्रत्येक आकडा जोडलेल्या फाइलीत बोट ठेवून शोधा. मसुद्यात दुरुस्ती निधी ₹१८,४२,६५० आहे; ताळेबंदात समजा ₹१८,२४,६५० निघाला. ही टंकलेखनाची साधी चूक वाटते, पण ती मराठीत वारंवार होण्यामागे कारण आहे. आपण ‘बेचाळीस’ आणि ‘चोवीस’ म्हणताना एकक आधी उच्चारतो आणि लिहिताना दशक आधी लिहितो. कोषाध्यक्ष फोनवर आकडा सांगत असतील आणि सचिव टाइप करत असतील, तर अंकांची अदलाबदल ठरलेलीच. दोन रकमांमधला फरक काढा आणि त्याला ९ ने भागा. इथे फरक १८,००० आहे आणि त्याला ९ ने पूर्ण भाग जातो, तेव्हा संशय आधी अदलाबदलीवरच घ्या. भाग गेला नाही तर बहुधा दोन वेगळेच आकडे समोर आले आहेत, उदाहरणार्थ एक व्याज धरून आणि एक व्याजाशिवाय. मग कोषाध्यक्षांना विचारल्याशिवाय काही बदलू नका.

लिंक वाचायची नाही, दाबायची

मेलमध्ये ‘येथे’ या शब्दाखाली एक पत्ता दडलेला असतो. वरचा शब्द बदलला तरी खालचा पत्ता बदलत नाही, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. गेल्या वर्षीची सूचना उघडून ‘रंगकामाची दरपत्रके’च्या जागी ‘लिफ्टची दरपत्रके’ असं लिहिलं, तरी आतला पत्ता रंगकामाच्या फोल्डरचाच राहतो. संगणकावर शब्दावर माउस नेला किंवा फोनवर बोट दाबून धरलं की खरा पत्ता दिसतो.

एवढ्यानेही भागत नाही, कारण तुम्ही स्वतः दाबलेली लिंक तुमच्यासाठी नेहमीच उघडते. फाइल तुमच्याच खात्यात असते. ब्राउझरची खाजगी खिडकी उघडा (क्रोममध्ये `Ctrl+Shift+N`), कुठल्याही खात्यात शिरू नका आणि तिथे लिंक चिकटवा. परवानगी मागणारं पान आलं, तर ड्राइव्हमध्ये ती फाइल `Restricted` वर आहे. ती `Anyone with the link` करा आणि शेजारी `Viewer` निवडा. चुकून `Editor` राहिलं तर दरपत्रकांचा तुलनात्मक तक्ता कोणीही सभासद बदलू शकेल.

फोल्डरची लिंक देत असाल तर त्यात काय-काय आहे ते खाजगी खिडकीतूनच पाहा. तीन दरपत्रकं आणि एक तक्ता मिळून चार फाइली दिसायला हव्यात. चार दिसल्या तरी प्रत्येक उघडा. एकच दरपत्रक दोन नावांनी दोनदा चढलेलं असणं ही नेहमीची गोष्ट आहे. दोन फाइलींचा आकार अगदी एकसारखा दिसला की तिथेच थांबा. जास्त काही दिसतंय का हेही बघा. थकबाकीदारांची यादी किंवा सभासदांचे फोन असलेलं एक्सेल त्याच फोल्डरमध्ये पडलेलं असेल, तर न कबूल केलेली गोष्टही तुम्ही सगळ्यांना वाटून मोकळे झालात. तुलनात्मक तक्ता एक्सेलमध्ये असेल तर त्यातली लपवलेली पानंही फाइलीबरोबर जातात, म्हणून तो पीडीएफ करूनच ठेवा.

तक्त्यात ऐनवेळी दुरुस्ती करून फाइल पुन्हा चढवली की ड्राइव्हमध्ये दुसरी फाइल तयार होऊ शकते आणि तिची लिंक वेगळी असते. जुनी लिंक जुनाच तक्ता दाखवत राहते. त्याऐवजी त्या फाइलीच्या मेन्यूतलं `Manage versions` वापरून नवी प्रत वर चढवा, म्हणजे लिंक तीच राहते.

सभेच्या लिंकचं वेगळं बघावं लागतं. गुगल मीटच्या पत्त्यात शेवटी तीन-चार-तीन अशी दहा अक्षरं असतात, `meet.google.com/abc-defg-hij` या घडणीची. हाताने टाइप केलेली असेल तर अक्षरं मोजा. कॅलेंडरमधली सभेची नोंद उघडा आणि दोन्ही पत्ते अक्षराला अक्षर लावून पाहा. समितीच्या मासिक बैठकीची जुनी लिंक चिकटवली गेली असेल, तर दाबल्यावर ती उघडेलही, फक्त सभासद दुसऱ्याच खोलीत बसून राहतील.

मराठी वाक्यात उघडा पत्ता लिहायचा असेल तर त्याला चिकटून काहीही लिहू नका. पत्त्यानंतर लगेच ‘वर’ किंवा पूर्णविराम आला, की काही ॲप तेही पत्त्यातच धरतात आणि लिंक मोडते. पत्ता स्वतंत्र ओळीवर ठेवा.

नावं

नावाची तपासणी दोन बाजूंनी करायची: माणूस तोच आहे का, आणि सगळीकडे एकसारखा लिहिलाय का.

दुसरी बाजू यंत्रावर सोपवावी असं वाटतं, पण मराठी नावं शोधखिडकीला चकवतात. मसुद्यातच बघा: ‘श्री. पाटील’ आणि पुढे ‘पाटलांचा’. `पाटील` शोधलं तर दुसरा उल्लेख हाती लागत नाही. कोषाध्यक्ष बदलले म्हणून ‘पाटील’च्या जागी सगळीकडे ‘काळे’ घातलंत, तर सूचनेत ‘कोषाध्यक्ष श्री. काळे यांच्याशी बोलावे. पाटलांचा क्रमांक शेवटी दिला आहे’ असं उरतं. शिंदे-शिंद्यांचा, काळे-काळ्यांना, जोशी-जोश्यांनी हीच तऱ्हा. अशा सूचनेत आडनावाचं सामान्यरूप वापरूच नका, ‘श्री. पाटील यांचा’ असं लिहिलं की नाव अखंड राहतं आणि शोधताही येतं.

कऱ्हाडे यांची अडचण आणखी बारीक आहे. त्यातला ऱ्ह दोन प्रकारे टाइप होतो: ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त देऊन, किंवा साध्या र ला हलन्त आणि त्यानंतर न दिसणारं जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधताना मात्र वेगळे धरले जाऊ शकतात. एका कळफलकावर टाइप केलेला ठराव आणि दुसऱ्यावर टाइप केलेली सूचना असेल, तर ‘सापडले नाही’ याचा अर्थ नाव नाही असा घेऊ नका. `हाडे` एवढाच तुकडा शोधा. अंकांचंही तसंच. `२०२५` शोधल्यावर `2025` सापडेलच असं नाही, तेव्हा दोन्ही शोधा.

माणूस तोच आहे का हे ठरवताना मूळ कागद कोणता ते आधी पक्कं करा. सभासदाचं नाव सभासद नोंदवहीतून घ्यायचं, पाटीवरून किंवा व्हॉट्सॲप गटातून नाही. लेखापरीक्षकाचं नाव त्यांच्या संमतिपत्रावरून किंवा अहवालाच्या लेटरहेडवरून घ्यायचं. मसुद्यात फक्त ‘श्री. कऱ्हाडे’ आहे, ठरावासाठी ते पुरत नाही. पूर्ण नाव आणि फर्म असेल तर फर्मचं नाव हवं, आणि ते सूचना व ठराव दोन्हीकडे एकच हवं. एका ठिकाणी व्यक्ती आणि दुसऱ्या ठिकाणी फर्म असं झालं, तर नेमणूक नक्की कोणाची यावर वाद होतो.

नावाआधीचं विशेषण वाचायला विसरू नका. जुनी यादी तशीच उचलली की वर्षभरात वारलेल्या सभासदापुढे ‘श्री.’ राहतं, किंवा विधवा सभासदापुढे ‘सौ.’ येतं. फाइल चुकली तर सभासद फोन करतात. हे चुकलं तर ते घर पुढची कित्येक वर्षं लक्षात ठेवतं. स्त्रियांसाठी सरसकट ‘श्रीमती’ वापरलंत तर निम्मा प्रश्न सुटतो.

फोन क्रमांक दहा अंकी आहे का ते मोजा आणि तिथूनच कॉपी करून एकदा लावून बघा. मसुद्यात तो ‘सूचनेच्या शेवटी’ आहे असं म्हटलंय. शेवटी फक्त सचिवांचा असेल तर वाक्य बदला किंवा क्रमांक घाला.

स्वतःला पाठवा, मग इतरांना

उजवा रकाना भरला की मेल आधी स्वतःच्या दुसऱ्या पत्त्यावर किंवा समितीतल्या एखाद्या सदस्याला पाठवा, आणि आलेला मेल फोनवर उघडा. बहुतेक सभासद तो फोनवरच वाचणार आहेत. तिथे तीन फाइली दिसतात का, उघडतात का, दोन्ही लिंक योग्य ठिकाणी नेतात का ते पाहा. घरातल्या कोणाच्या तरी फोनवर पाहिलंत तर उत्तम, कारण त्या फोनवर तुमचं खातं नसतं.

पत्त्यांची जागा या वेळेपर्यंत रिकामी ठेवा. पत्ते सगळ्यात शेवटी भरा. चुकून बटण दाबलं गेलं तरी पत्ता नसलेला मेल कुठेच जात नाही. सभासदांचे पत्ते `Bcc` मध्ये टाका. जीमेलच्या सेटिंगमध्ये `Undo Send` ३० सेकंदांवर ठेवा. त्याहून जास्त वेळ तो देत नाही. फाइल जोडायची राहिली असेल तर काही मेल-सेवा इशारा देतात, पण ‘सोबत जोडले आहे’ हे मराठी वाक्य त्यांना ओळखता येईल असं गृहीत धरू नका. शिवाय भलतीच फाइल जोडली असेल तर तो इशारा येतच नाही.

एवढं करूनही चूक निसटली आणि मेल गेला, तर राहिलेली एकटी फाइल पाठवू नका. सभासदांकडे मग दोन मेल होतात आणि कुठला खरा हे कळत नाही. तिन्ही फाइलींसह सगळी सूचना पुन्हा पाठवा. विषयाच्या ओळीत ‘सुधारित’ आणि तारीख घाला, आणि पहिल्याच वाक्यात नेमकं काय बदललं ते लिहा: ‘३० ऑगस्टच्या मेलमध्ये १९ जानेवारी २०२५ च्या विशेष सभेचे इतिवृत्त चुकून जोडले गेले होते, त्याऐवजी २२ सप्टेंबर २०२४ च्या वार्षिक सभेचे इतिवृत्त सोबत आहे. इतर मजकुरात बदल नाही.’ सुधारित सूचना ३० ऑगस्टलाच रात्री बारापूर्वी गेली तर चौदा दिवस शाबूत राहतात. त्यानंतर गेली तर पहिल्या सूचनेतला विषय, तारीख, वेळ आणि जागा बरोबर होती का हे आधी बघा. त्यातलंच काही चुकलं असेल, तर नुसता मेल सुधारून भागणार नाही, सभेची तारीखच पुढे न्यावी लागेल. १५ ते ३० सप्टेंबरमध्ये २१ आणि २८ असे दोनच रविवार हातात आहेत.